कार्यशाळेनंतरचा आभाराचा मेल: ‘मिळाला नाही’, ‘उघडत नाही’ या तक्रारी कशा सोडवायच्या

कार्यशाळा शनिवारी संपते, सोमवारी सगळ्यांना आभाराचा मेल जातो. त्यात सादरीकरणं, फोटो आणि पुढं काय करायचं ते असतं. मंगळवारी सकाळपासून फोन सुरू होतात. तक्रारींचे शब्द थोडेफार बदलतात, पण लक्षणं साधारण हीच असतात:

- लिंक दाबली की “You need access” असं येतं, किंवा आयोजकांच्या इनबॉक्समध्ये “Request access” च्या विनंत्या साचतात.
- फोल्डर उघडतो, पण त्यातली एखादीच फाइल उघडत नाही.
- सादरीकरण उघडतं, पण मराठी मजकुराच्या जागी `egkjk"Vª` असलं काहीतरी दिसतं.
- “मला मेलच आला नाही.” असं पाच-सहा जण सांगतात, आणि त्यांतल्या कोणालाच स्पॅममध्येही तो सापडत नाही.
- फोटो डाउनलोड होता होता फोनची जागा संपते.
- मेल सगळ्यांना मिळाला, स्लाइडही पाहिल्या, पण पुढची कृती कोणीच केली नाही.

यावर बहुतेक आयोजक तोच मेल पुन्हा पाठवतात, आणि गोंधळ नेमका तिथून वाढतो. आता प्रत्येकाकडे दोन मेल आणि दोन लिंका असतात, आणि चालणारी लिंक कोणती हे कोणालाच ठाऊक नसतं. गेलेला मेल बदलता येत नाही, पण लिंकेमागची फाइल आणि तिची परवानगी केव्हाही बदलता येते. ती जागेवर दुरुस्त केली की जुन्या मेलमधली तीच लिंक आपोआप चालू लागते. त्यामुळं खालच्या तपासण्या होईपर्यंत दुसरा मेल पाठवू नका. त्या सोप्याकडून अवघडाकडे लावल्या आहेत, आणि पहिल्या दोन तर दहा मिनिटांत होतात.

१. लिंक खाजगी खिडकीत उघडून बघा

क्रोममध्ये Ctrl+Shift+N दाबा आणि उघडलेल्या इन्कॉग्निटो खिडकीत मेलमधली लिंक चिकटवा. तिथं तुम्ही कोणत्याही खात्यात लॉग-इन नसता, म्हणजे लिंक अनोळखी माणसाला जशी दिसते तशीच दिसते. नेहमीच्या खिडकीत ती उघडते हा काही पुरावा नाही, कारण तिथं फाइलचे मालक तुम्हीच असता.

खाजगी खिडकीत लॉग-इन मागितलं, तर गूगल ड्राइव्हवर त्या फोल्डरच्या “Share” मध्ये जा. “General access” खाली “Restricted” असेल तर ते “Anyone with the link” करा आणि भूमिका “Viewer” ठेवा. चुकून “Editor” राहिलं तर कोणीतरी फोनवर बोट फिरवताना स्लाइड पुसून टाकतो, आणि ती चूक दोन दिवसांनी लक्षात येते.

एकेका विनंतीला परवानगी देत बसू नका. तशी परवानगी फक्त त्या पत्त्याला मिळते. एका फोनवर दोन-तीन गूगल खाती असणाऱ्याला मग वेगळ्याच खात्यातून उघडल्यावर पुन्हा तीच पाटी दिसते. शिवाय या विनंत्या फाइलच्या मालकाकडे जातात, मेल पाठवणाऱ्याकडे नाही. फोल्डर एखाद्या स्वयंसेवकाच्या खात्यावर असेल तर सगळ्या विनंत्या त्याच्याकडे पडून राहतात आणि तुम्हाला वाटतं की सगळं सुरळीत आहे.

फोल्डर उघडतो पण आतली एकच फाइल अडते, याचं कारण बहुतेकदा शॉर्टकट असतं. वक्त्यानं आपलं सादरीकरण त्याच्याच ड्राइव्हवर ठेवलेलं असतं आणि आयोजकानं त्याचा फक्त शॉर्टकट फोल्डरात टाकलेला असतो. शॉर्टकट फोल्डरात सगळ्यांना दिसतो, पण मूळ फाइलची परवानगी त्याच्याबरोबर येत नाही. ड्राइव्हमध्ये अशा फाइलच्या चिन्हावर छोटा वाकडा बाण असतो. उपाय दोन आहेत: वक्त्याला मूळ फाइल खुली करायला सांगा, किंवा त्याच्या परवानगीनं प्रत घेऊन ती फोल्डरात ठेवा. प्रत बरी, कारण वक्त्यानं उद्या आपली ड्राइव्ह आवरायला घेतली तरी तुमची फाइल जागेवर राहते. गूगल स्लाइडमध्ये ड्राइव्हवरचा व्हिडिओ बसवला असेल तर त्याचीही परवानगी अशीच वेगळी असते, तोही तपासा.

“Anyone with the link” हा पर्याय दिसतच नसेल, किंवा त्या जागी फक्त तुमच्या संस्थेचं नाव येत असेल, तर बाहेर वाटप करायला संस्थेच्या प्रशासकानं बंदी घातली आहे. ते सेटिंग तुमच्या हातात नाही. तिथं थांबा आणि संस्थेचं गूगल खातं सांभाळणाऱ्या माणसाला फोन करा. घाईत सगळं उचलून स्वतःच्या खाजगी खात्यावर टाकलं, तर आजचा प्रश्न सुटतो, पण ती बंदी कोणत्या कारणानं घातली आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं.

२. परत आलेले मेल आणि हजेरीपट

मेल पाठवलेल्या खात्यात “Mail Delivery Subsystem” किंवा `mailer-daemon` शोधा. “मिळाला नाही” म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांची उत्तरं इथंच सापडतात. `550 5.1.1` म्हणजे असा पत्ताच अस्तित्वात नाही. `5.2.2` किंवा `4.2.2` दिसलं तर समोरच्याची पेटी भरली आहे. गूगलच्या मोफत खात्याला १५ जीबी जागा असते, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. फोनमधले फोटो आपोआप चढत असतील तर ती लवकर भरते, आणि मग मेल येणंच थांबतं.

पत्ता चुकण्याचं मूळ हजेरीपटात असतं. कागदावर हातानं लिहिलेला पत्ता दुसरंच कोणीतरी टंकतं. १ आणि l, ० आणि o, जोडलेले rn आणि m यांची अदलाबदल होते. `gmial.com`, `gmail.con` असेही पत्ते यादीत शिरतात. स्तंभ एक्सेलमध्ये क्रमानं लावला की असली शेपटं वेगळी उठून दिसतात. शेपूट चुकलं असेल तर निर्धास्त सुधारा. @च्या आधीचा भाग मात्र अंदाजानं सुधारू नका: पत्ता दुसऱ्या कोणाचा निघाला तर फोटो आणि फोन नंबर परक्याच्या हाती जातात. हजेरीपटावरच्या नंबरवर फोन करा, एका मिनिटाचं काम आहे.

मेल परतही आला नाही आणि सापडतही नाही, असं कोणी म्हणालं तर त्याला जीमेलच्या शोधपट्टीत हे टाकायला सांगा:

```
in:anywhere from:पाठवणाऱ्याचा-पत्ता
```

यात स्पॅम आणि कचरापेटीही शोधली जाते. “स्पॅम बघा” असं नुसतं सांगितलं की लोक फोनवर नेमका तो फोल्डर शोधत बसतात.

याच तपासणीत एक जखमेवर मीठ चोळणारी गोष्ट उघड होते: सगळे पत्ते “To” किंवा “Cc” मध्ये गेले होते. मग कोणीतरी सगळ्यांना उत्तर देतं, त्यावर आणखी दहा ‘धन्यवाद’ येतात, आणि तुमचा मूळ मेल त्यांच्याखाली बुडतो. हे परत घेता येत नाही. जीमेलचं “Undo send” जास्तीत जास्त ३० सेकंद चालतं, आणि तेही सेटिंगमध्ये वाढवून ठेवलं असेल तरच. पुढच्या वेळी “To” मध्ये स्वतःचा पत्ता आणि बाकी सगळे “Bcc” मध्ये. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० जणांपर्यंतच मेल जातो, म्हणून त्याहून मोठ्या यादीचे भाग पाडून दोन दिवसांत पाठवा.

३. सादरीकरणाची फाइल

मराठी कार्यशाळांमध्ये सर्वात जास्त वेळ हाच दोष खातो, आणि त्याचं कारण फार कमी जणांना माहीत असतं. कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फाँटमध्ये फाइलच्या आत मराठी अक्षरं नसतातच. आत इंग्रजी कळांची चिन्हं असतात आणि फाँट त्यांना फक्त देवनागरी रूप चढवतो. वर लक्षणांत दिलेलं `egkjk"Vª` हे कृतिदेवमधलं ‘महाराष्ट्र’ आहे. ज्या संगणकावर तो फाँट नाही तिथं मुखवटा गळून पडतो आणि आतली चिन्हं उघडी दिसतात. फोनवर हा फाँट जवळजवळ कधीच नसतो. वक्त्याच्या लॅपटॉपवर आणि सभागृहाच्या पडद्यावर सगळं नीट दिसलेलं असल्यानं दोष आधी कोणाच्या लक्षातही येत नाही.

उपाय म्हणजे पीडीएफ, पण ती कुठं बनवता याला महत्त्व आहे. पीपीटी ड्राइव्हवर चढवून, गूगल स्लाइडमध्ये उघडून तिथून पीडीएफ काढली तर गूगलकडेही तो फाँट नसतो, आणि पीडीएफमध्येही तीच गिचमिड उतरते. पीडीएफ वक्त्याच्याच संगणकावर, पॉवरपॉइंटमधून “Save As” करून घ्या. तिथं फाँट पीडीएफच्या आत बसतो आणि कुठंही उघडली तरी अक्षरं तशीच दिसतात. अशा पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधता येत नाही आणि उतारा कॉपी केला की पुन्हा चिन्हं येतात, एवढी उणीव राहते. ती नको असेल तर मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा करावा लागतो. आभाराच्या मेलसाठी तेवढा खटाटोप करू नये.

फाइल लिंकेनं न देता मेललाच जोडली असेल तर वजन बघा. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण जोडलेली फाइल मेलमध्ये जाताना साधारण एक तृतीयांशानं फुगते. म्हणजे २० एमबीची फाइल प्रवासात २७ एमबीच्या आसपास होते. तुमच्याकडून ती निघाली तरी समोरच्या कार्यालयाचा सर्व्हर ती नाकारू शकतो. ४–५ एमबीपर्यंतची एकच पीडीएफ जोडायला हरकत नाही, त्यापुढं लिंकच द्या.

चूक सुधारून नवी फाइल चढवायची असेल तर जुनी पुसून नवी टाकू नका, तसं केलं की लिंक बदलते. ड्राइव्हमध्ये फाइलवर उजवी क्लिक करून “Manage versions” मधून नवी आवृत्ती चढवा. लिंक तीच राहते आणि आतलं बदलतं. ही सोय पीडीएफ, जेपीजी अशा चढवलेल्या फाइलींसाठी आहे. गूगल स्लाइड असेल तर ती थेट दुरुस्त करा.

४. फोटो

कार्यशाळेत १४० फोटो निघाले आणि प्रत्येक ५ एमबीचा असला, तर ७०० एमबी होतात. हे कोणी डाउनलोड करत नाही, आणि केलंच तर झिप फाइल फोनवर उघडताना अडतात. १५ ते २० फोटो निवडा आणि लांब बाजू १६०० पिक्सेल करा. एकेक फोटो अर्ध्या एमबीच्या आसपास येतो, सगळा संच १० एमबीत बसतो. आयफोनवरून आलेले फोटो `.heic` असतील तर जेपीजी करून घ्या, नाहीतर अनेक विंडोज संगणकांवर ते उघडत नाहीत. बाकीचे मूळ फोटो हवे असतील त्यांना वेगळे द्या.

फोनच्या फोटोत काढलेल्या जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. सभागृहाचं ठिकाण कळलं तर काही बिघडत नाही, पण कोणाच्या घरी किंवा शेतावर काढलेल्या फोटोचं तसं नाही. विंडोजमध्ये फोटोच्या “Properties” मधल्या “Details” खाली “Remove Properties and Personal Information” आहे, त्यानं ही माहिती निघते. हजेरीपटाचा फोटो तर फोल्डरात असूच नये. तो नेहमी चुकून जातो, कारण हिशेबासाठी कोणीतरी त्याच फोनवर तो काढलेला असतो.

५. पुढची कृती का होत नाही

पुढची कृती गूगल फॉर्ममधून मागितली असेल तर आधी तो फॉर्म खाजगी खिडकीत उघडून बघा, पहिल्या तपासणीसारखाच. फॉर्म संस्थेच्या खात्यावर बनवला असेल तर तो फक्त संस्थेतल्या लोकांपुरता बंद असू शकतो. “Limit to 1 response” चालू असेल किंवा फाइल चढवायचा प्रश्न असेल तर गूगल लॉग-इन मागतं, आणि तिथं बरेच जण परत फिरतात. एकदाच उत्तर हवं असेल तर नाव विचारा आणि दुहेरी ओळी नंतर हातानं काढा.

फॉर्म उघडत असेल आणि तरी उत्तरं येत नसतील, तर दोष मजकुरात आहे. ‘सर्वांनी पुढील कार्यवाही लवकरात लवकर करावी’ या वाक्यात काय करायचं, कधीपर्यंत आणि कुणाला कळवायचं यातलं एकही नाही. ‘पुढच्या शनिवारी’ हेही नको: सोमवारी मेल उघडणाऱ्याचा आणि रविवारी उघडणाऱ्याचा पुढचा शनिवार वेगळा असतो. वार आणि तारीख दोन्ही लिहा. कृती एकच असावी. तीन मागितल्या की सर्वात सोपी होते आणि बाकीच्या राहतात, आणि ती सोपी सहसा अभिप्रायाचा फॉर्म असते.

६. सगळ्यांच्याच स्पॅममध्ये गेला असेल तर

एखाद-दुसऱ्याच्या स्पॅममध्ये गेला तर सोडून द्या. पण संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवरून पाठवलेला मेल निम्म्या लोकांच्या स्पॅममध्ये दिसला, तर ती वेगळी गोष्ट आहे. तोच मेल स्वतःच्या खाजगी जीमेलवर पाठवा. संगणकावर उघडून तीन ठिपक्यांतून “Show original” दाबा. वरच्या तक्त्यात SPF, DKIM आणि DMARC समोर `PASS` हवं. हा मेल खरंच या डोमेनच्या मालकाकडून आला आहे, याचे हे तीन दाखले. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं याबाबत कडक धोरण धरलं आहे.

तिन्हीसमोर `PASS` असेल तर मजकूर तपासा: छोट्या केलेल्या लिंका, नुसतं एक मोठं चित्र आणि मजकूर शून्य, किंवा विषयात तीन-तीन उद्गारचिन्हं. `FAIL` किंवा `PERMERROR` दिसलं तर थांबा. नेहमीचं कारण असं असतं की कोणीतरी नवी मेल-सेवा जोडताना डोमेनवर SPF ची दुसरी नोंद टाकली. नोंद एकच चालते, दोन झाल्या की दोन्ही निकामी. पण ही दुरुस्ती डोमेनच्या डीएनएसमध्ये होते, आणि तिथं शेजारची ओळ चुकून पुसली तर संस्थेचा सगळा मेल बंद पडतो. “Show original” चा स्क्रीनशॉट घ्या आणि वेबसाइट सांभाळणाऱ्याला पाठवा, पुढचं काम त्याचं.

आणखी एका प्रसंगी स्वतः हात घालू नये: लहान मुलांचे फोटो, आधार क्रमांक किंवा बँक तपशील खुल्या फोल्डरात गेले असतील तर. फोल्डर लगेच “Restricted” करा आणि संस्थाप्रमुखांना त्याच दिवशी कळवा. कुणाला काय सांगायचं हे त्यांनी वकिलाला विचारून ठरवावं.

एक उदाहरण पूर्ण सोडवून

समजा, विहिरींची पाणीपातळी मोजण्याची एक दिवसाची कार्यशाळा शनिवार, ११ जानेवारीला झाली. हजेरीपटावर ६२ नावं, त्यातल्या ५८ जणांनी मेल पत्ता दिला. सोमवारी मेल गेला. बुधवारपर्यंत ५ परत आले, ९ जणांनी परवानगी मागितली, ३ जणांनी सांगितलं की अक्षरं दिसत नाहीत, आणि पाणीपातळीची नोंद फक्त दोघांची आली.

विनंत्या पाहिल्या तर नऊही जणांनी तिसऱ्या सादरीकरणाचीच परवानगी मागितली होती. म्हणजे फोल्डर खुला आहे, ती एक फाइल शॉर्टकट आहे. अक्षरांची तक्रार दुसऱ्या सादरीकरणाची, ती पीपीटी. तिसऱ्या वक्त्याकडून प्रत घेतली, दुसऱ्याकडून त्याच्या संगणकावर बनवलेली पीडीएफ, आणि दोन्ही त्याच फोल्डरात ठेवल्या. त्यासाठी मेल पाठवावा लागला नाही. परत आलेल्या पाचांपैकी तिघांची शेपटं चुकली होती, ती सुधारली. दोघांना फोन केला. ज्या चौघांचा पत्ताच नव्हता त्यांना फोल्डरची लिंक व्हॉट्सअॅपवर दिली.

नोंदी का आल्या नाहीत, ते मूळ मेल वाचल्यावर कळलं. ‘पुढील टप्पे’ या मथळ्याखाली सहा मुद्दे होते आणि नोंदीचा मुद्दा पाचवा. ही कृतीच नीट सांगितलेली नसल्यानं दुसरा मेल इथं रास्त आहे. तो असा गेला:

> विषय: २५ जानेवारीपर्यंत आपल्या विहिरीची एक नोंद कळवा (११ जानेवारीची कार्यशाळा)
>
> नमस्कार,
>
> शनिवारी दिवसभर थांबून मोजणी शिकलात, आणि ज्यांनी आपल्या विहिरी सरावासाठी मोकळ्या ठेवल्या, त्या सगळ्यांचे आभार.
>
> आता एकच काम: शनिवार, २५ जानेवारी, संध्याकाळी ६ पर्यंत आपल्या विहिरीची एक नोंद फॉर्ममध्ये भरा. कठड्याच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मीटरमध्ये लिहा. कठड्याची जमिनीपासूनची उंची वेगळ्या रकान्यात लिहा, वजाबाकी आम्ही करू. पंप चालू असेल किंवा नुकताच बंद केला असेल तर मोजू नका, सकाळी पंप लावण्याआधी मोजा.
>
> फॉर्म: [लिंक]
>
> तिन्ही सादरीकरणं आणि फोटो आधीच्याच फोल्डरात आहेत. न उघडणाऱ्या दोन फाइली दुरुस्त केल्या आहेत, जुनी लिंक चालेल: [तीच लिंक]
>
> फोल्डरमधला आपला एखादा फोटो नको असेल तर या मेलला उत्तर द्या, त्याच दिवशी काढू.
>
> अडचण आल्यास: [एका माणसाचं नाव आणि नंबर], सकाळी १० ते ६

पाठवण्याआधी दोन्ही लिंका खाजगी खिडकीत, एकदा संगणकावर आणि एकदा फोनवर, उघडून पाहिल्या. सगळे पत्ते “Bcc” मध्ये टाकले, आणि पहिली प्रत एका सहभागीलाच पाठवून त्याला फॉर्म भरायला लावला. त्यानं कठड्याच्या उंचीच्या रकान्यात सेंटिमीटर लिहिले. म्हणून फॉर्ममधल्या त्या प्रश्नाखाली ‘उदा. ०.७५’ ही ओळ वाढवली, आणि मग मेल बाकीच्यांना गेला.